चाळीस सेकंदात इतिहासातली घटना कशी सांगायची?

प्रश्न: मी इतिहासावर छोटे व्हिडिओ करतो, ४० सेकंदांचे. माहिती बरोबर असते पण ऐकताना विकिपीडिया वाचल्यासारखं वाटतं, टेन्शन येतच नाही. शेवटी एक धक्का देणारी गोष्ट टाकतो, तीही चिकटवल्यासारखी वाटते. कुणी एखादी घटना घेऊन करून दाखवाल का?

उत्तर:

घेऊया की. १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट घेतो, कारण त्यात मसाला इतका आहे की काय टाकायचं यापेक्षा काय फेकायचं हाच खरा प्रश्न पडतो.

आधी हिशोब. मराठीत नीट कळेल असं बोललं तर मिनिटाला साधारण १२५-१३० शब्द होतात, म्हणजे ४० सेकंदात फार तर ८५. त्यातही एक-दोन ठिकाणी थांबायचं असतं. ८५ शब्द म्हणजे किती कमी ते लिहायला बसलं की कळतं, "दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना ब्रिटिश मालवाहू जहाज" एवढं म्हणेपर्यंत आठ शब्द संपले आणि अजून काहीच घडलं नाहीये. म्हणून पार्श्वभूमी पूर्ण कापायची. तारीख सांगितली की युद्ध चालू होतं हे लोकांना आपोआप कळतं.

आता टेन्शन. तुमच्या व्हिडिओत ते येत नाही कारण बहुतेक तुम्ही "भीषण स्फोट" हे पहिल्याच वाक्यात सांगून मोकळे होत असाल. पण लपवूनही उपयोग नाही, टायटलमध्येच लोकांना कळतं की काहीतरी फुटणार. खरी गंमत ही की ऐकणाऱ्याला धोका दिसला पाहिजे आणि गोष्टीतली माणसं मात्र अजून आगीशीच झुंजतायत. गोदीत जे जहाज फुटलं, फोर्ट स्टिकीन त्याचं नाव, त्याच्यात खाली कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच भागात वर दारूगोळा. हे एकदा सांगून ठेवलं की पुढे नुसतं "धूर येतो" म्हटलं तरी पुरतं, वेगळं म्युझिक लावायची गरज नाही.

दुसरी गोष्ट घड्याळ. आग लक्षात आली दुपारी २ च्या सुमारास, जहाज सोडायचा हुकूम झाला ३:५० ला, आणि स्फोट ४:०६ ला. बघा, पहिलं अंतर जवळजवळ दोन तासांचं आणि दुसरं फक्त १६ मिनिटांचं. म्हणजे चढण घटनेतच आहे, आपण फक्त वेळा नीट निवडायच्या. तीन वेळा बास झाल्या, पाच-सहा टाकल्या की रेल्वेचं वेळापत्रक होतं. आणि वाक्यंही वेळेबरोबर आखूड होत गेली पाहिजेत.

आता तो धक्का. ह्या घटनेत मला तीन सापडले. एक, हा हादरा सुमारे १४०० किलोमीटरवर शिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. दोन, आपल्याकडे १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो ह्याच दिवसामुळे. तीन, जहाजावर सोन्याच्या विटा होत्या आणि त्यातली एक मैलभर अंतरावरच्या घरात जाऊन पडली. तिन्ही टाकायचा मोह होतो, पण एकच ठेवायची. शिमल्याची गोष्ट चांगली आहे पण भूकंपमापक म्हणजे काय, तिथपर्यंत हादरा कसा जातो हे ऐकणारा मनात जुळवत बसतो, तेवढ्यात व्हिडिओ संपतो. अग्निशमन दिन ही माहिती आहे, डोळ्यासमोर काही उभं राहत नाही. वीट मात्र लगेच दिसते आणि समजावून सांगावी लागत नाही.

पण विटेचं एक आहे, ती शेवटी अचानक आली तर तुम्ही म्हणताय तशी चिकटवलेलीच वाटणार. म्हणून सुरुवातीला माल मोजतानाच तिच्यासाठी जागा करून ठेवायची, नाव न घेता. असं:

"१४ एप्रिल १९४४. मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. फोर्ट स्टिकीन जहाजाच्या पोटात खाली कापूस, त्याच्यावर दारूगोळा. आणि अजून एक माल, तो नंतर सांगतो.

दुपारी दोन. खालून धूर येतो. बंब येतात, पाणी मारतात, पण आग नेमकी कुठंय तेच दिसत नाही.

पाणी ओततच राहतात. नऊशे टन. आता ते पाणीच उकळायला लागलंय.

चारला दहा कमी. हुकूम येतो, जहाज सोडा.

चार वाजून सहा मिनिटं.

(दोन सेकंद गप्प)

जहाजाचे दोन तुकडे. शेकडो माणसं गेली, आग विझवणारे बंबवाले त्यात होते.

आणि दीड किलोमीटर लांब एका घराचं छप्पर फोडून एक वीट आत पडली. सोन्याची. तोच तो माल."

साधारण ८५ शब्द आहेत. स्फोटापर्यंत सगळं "येतो, मारतात" असं चालू आहे आणि त्या गप्प बसण्यानंतर एकदम "गेली, पडली". हा काळ बदलणं मुद्दाम आहे, त्यामुळे "धडाम" वगैरे म्हणावं लागत नाही. आवाजाचा इफेक्टही टाकू नका, ते दोन सेकंद रिकामेच ठेवा. एडिटिंग करणाऱ्याला ते बघवत नाही आणि तो कापतो, त्याला आधीच सांगून ठेवा 😄

अजून एक, मृतांचा आकडा मी मुद्दाम दिला नाही. वेगवेगळ्या ठिकाणी ८०० पासून १३०० पर्यंत दिलेला असतो, त्यातला एक ठोकून दिलात की कमेंटमध्ये त्याच्यावरच भांडण होणार, "शेकडो" म्हणणं खरंही आहे आणि आखूडही. ९०० टन पाणी मात्र ठेवलंय, कारण तो आकडा नुसता मोठा नाहीये, एवढं ओतूनही आग हटत नाही हे तो दाखवतो.

आणि शेवटची ओळ कशी म्हणायची हे जपा. लगेच आधी माणसं मेल्याचं सांगितलंय, त्यावर सोन्याची वीट "लॉटरी लागली" अशा सुरात म्हटली तर फार वाईट वाटतं ऐकायला. सपाट आवाजात म्हणायचं, हसायचं नाही. जमत नसेल तर बंबवाल्यांचं वाक्य आणि विटेचं वाक्य यांच्यामध्ये एक श्वास घ्या, पण अदलाबदल करू नका, बंबवाले शेवटी टाकले तर वीट मधल्यामध्ये हरवते.

जे कापलं ते वाया जात नाही. अर्ध्या तासानं झालेला दुसरा स्फोट, हा जपान्यांचा हल्लाच आहे असं वाटून मुंबईत उडालेली घबराट, ती वीट ज्या पारशी गृहस्थांच्या घरात पडली त्यांनी ती सरकारला परत केली ते, हे सगळं कॅप्शनमध्ये टाका. शिमल्याचं मात्र पुढच्या व्हिडिओसाठी ठेवा, तिथून सुरुवात केली तर तीच घटना वेगळी सांगता येते, वेधशाळेतली सुई हलते आणि कुणाला कळत नाही कशामुळे.