पुस्तकगाडी, ग्रंथरथ की गोष्टीगाडी?

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या बावीस वाड्या-वस्त्यांवर पुस्तकं घेऊन जाणारी एक छोटी व्हॅन सुरू करतोय. विश्वस्तांनी ‘ग्रंथरथ’ आणि ‘ज्ञानगंगा फिरते वाचनालय’ अशी नावं सुचवली आहेत. मला ‘पुस्तकगाडी’ बरं वाटतं. पोरांना लांबून ओरडता येईल असं नाव हवं. ‘पुस्तकगाडी’ की ‘पुस्तकांची गाडी’, शुद्ध कोणतं? आणि याहून सोपं काही आहे का?

शुद्धतेचं आधी सांगतो, कारण ते चटकन संपतं. दोन्ही शुद्ध. पहिला समास, दुसरा त्याचाच विग्रह. मराठीत ‘-गाडी’ची कुळी मोठी आहे. बैलगाडी, घोडागाडी, हातगाडी यांत पहिलं पद गाडी कोण ओढतं ते सांगतं. आगगाडीत ती कशावर चालते ते कळतं, घंटागाडीत ती काय वाजवत येते ते. मालगाडीत मात्र पहिलं पद म्हणजे गाडीतला ऐवज, आणि ‘पुस्तकगाडी’ याच घाटाचा शब्द आहे. फक्त तो जोडून लिहायचा. रंगारी हमखास मधे जागा सोडून ‘पुस्तक गाडी’ असं रंगवतो, तेव्हा त्याला कागदावर लिहून द्या.

आता ओरडण्याचं. गाडीला कुणी हाक मारत नाही, तिची वर्दी देतात. फाट्यावर उभा असलेला मुलगा वळणावर धूळ पाहतो आणि वस्तीकडे तोंड करून ओरडतो : ‘अमुक आलीऽऽ!’ म्हणजे नाव एकटं येत नाही, त्याच्या शेपटीला ‘आली’, ‘आला’ किंवा ‘आलं’ असतं. म्हणून कुठलंही नाव पारखताना ते या वाक्यात बसवून म्हणून पाहावं, नुसतं कागदावर लिहून नव्हे.

‘ग्रंथरथ आला’ म्हणून पाहा. सुरुवातीलाच ‘ग्र’, मग ‘थ’ आणि ‘र’ अंगावर अंग टाकून, शेवटी पुन्हा ‘थ’. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण उच्चारत नाही, त्यामुळे ‘रथ’ थ्‌वर आपटून थांबतो. लांबवायला स्वर उरतच नाही. आणि ओरडताना सगळी मदार स्वरावर असते. शंभर-दोनशे पावलांवर व्यंजनं विरून जातात, पोचतात ते स्वर. आपण आई म्हणून हाक मारतो तेव्हा ई केवढी ताणतो ते आठवा. त्यासाठीच लिहिताना अवग्रहाचं चिन्ह काढतो, ‘आईऽऽ’.

अर्थाचीही एक अडचण आहे. ग्रंथ हा शब्द मुळात गुंफणं, बांधणं या अर्थाच्या धातूतून आला आणि गावात त्याला अजून पोथीचा वास आहे. ग्रंथ म्हणजे कापडात बांधून ठेवलेली ज्ञानेश्वरी, हात-पाय धुऊन उघडायची. चिखलाच्या हातानं, उकिडवं बसून उलटायचं ते पुस्तक. रथ म्हटलं की देवाची यात्रा किंवा निवडणुकीतला कर्णा लावलेला प्रचाररथ. दोन्ही शब्द मोठे आहेत, आदरणीय आहेत, पण पोरांना गाडीपासून चार हात लांब उभं करतात. ‘ज्ञान’ तर मराठीत ‘द्न्यान’ म्हणायचं असतं. पहिलीतल्या मुलाला ते म्हणताही येत नाही आणि वाचताही येत नाही.

‘फिरते वाचनालय’ पाटीवर असू द्या. देणगीदारांना, पंचायतीला, कागदपत्रांना तेच लागेल. पण बोलताना त्याचं ‘फिरतं’ होतं, आणि वस्तीवर ‘फिरता’ म्हटलं की आधी आठवतो तो फिरता दवाखाना. पांढरी व्हॅन, वर ‘फिरते’ अशी अक्षरं, म्हणजे सुई टोचायला आले, असं समजून लहान पोरं घरात पळाल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. तुमची व्हॅन पांढरी असेल तर हे मनावर घ्याच.

आता ‘पुस्तकगाडी’. शब्द चांगला, अर्थ स्वच्छ. अडचण मधल्या सांध्यात आहे. ‘पुस्तक’च्या शेवटी क्‌ आणि ‘गाडी’च्या सुरुवातीला ग. दोन्ही कंठ्य, एक अघोष, एक घोष. मराठी जीभ अशा वेळी पहिल्याला दुसऱ्यासारखं करून टाकते. ‘एकदा’ आपण ‘एग्दा’ म्हणतो, ‘डाकघर’ ‘डाग्घर’ होतं, ‘एकगठ्ठा’ ‘एग्गठ्ठा’ होतो. तसंच पोरांच्या तोंडी ही ‘पुस्तग्गाडी’ होणार. त्यात चूक काही नाही, बोलीभाषा अशीच चालते. पण ओरडताना पहिला अर्धा भाग त्या ग्ग-मध्ये गिळला जातो आणि लांबच्याला ‘…गाडी आली’ एवढंच कळतं. मग भाजीची गाडी, दुधाची गाडी की तुमची, हे कसं कळावं? ‘बुकगाडी’चीही तीच गत : ‘बुग्गाडी’. खरं तर ‘बुक’ हा शब्द मला फार आवडतो. खेड्यात तो परका राहिलेलाच नाही, त्याचं अनेकवचनही लोक मराठी पद्धतीनं ‘बुकं’ असंच करतात. सांधा नीट बसला असता तर मी तोच सुचवला असता.

‘पुस्तकांची गाडी’त हा सांधा मोडतो, कारण मधे ‘ची’ येते. बोलताना हेच सगळ्यात सहज आहे. महाबळेश्वरजवळच्या भिलारला 2017 मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ म्हटलं गेलं, ‘ग्रंथग्राम’ नव्हे, आणि ते नाव लगेच रुळलं ते याच सहजपणामुळे. पण गाव जागेवर असतं, त्याची वर्दी द्यावी लागत नाही. पुस्-त-कां-ची-गा-डी ही सहा अक्षरं एका दमात ओरडायला जास्त होतात.

माझी सूचना : ‘गोष्टीगाडी’.

चार अक्षरं, गो-ष्टी-गा-डी, चारही दीर्घ स्वरांवर संपणारी. ओ-ई-आ-ई असा स्वरांचा क्रम लांबूनही ओळखू येतो. ‘गो’ला ‘गा’ आणि ‘टी’ला ‘डी’ अशी जोडी जमते. सांध्यात ई आहे, त्यामुळे गिळलं जाण्यासारखं काही नाही, उलट ताणता येतं : ‘गोष्टीऽगाडी आलीऽऽ’. समास बेकायदा वाटत असेल तर ‘गोष्टीवेल्हाळ’ आठवा. ‘गोष्टगाडी’ मात्र करू नका. ष्‌, ट्‌ आणि ग एकापाठोपाठ येतात आणि जीभ अडते.

‘ष्टी’ हे जोडाक्षर मुलांना जड जाईल, ही शंका मलाही होती. ती ‘यष्टी’नं फिटली. 1948 मध्ये राज्य परिवहनची बस सुरू झाली, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांची ‘एसटी’ झाली, आणि खेड्यापाड्यानं तिला ‘यष्टी’ केलं. ट-च्या शेजारी आल्यावर स-चा ष झाला आणि सुरुवातीला य आला. कुणी शिकवलं नाही, जिभेला सोयीचं वाटलं म्हणून झालं. वर्तमानपत्रांनी पुढे ‘लालपरी’ म्हटलं, तेही गोड आहे, पण फाट्यावरची म्हातारी आजही ‘यष्टी आली’ म्हणते. हीच ‘ष्टी’ ‘गोष्टी’त आहे. कुणी तिला ‘गोस्टी’ म्हणेल, तोंडात दात नसलेलं पोर ‘गोत्ती’ म्हणेल, तरी शब्द ओळखू येतो.

नुसत्या तर्कावर नको म्हणून गेल्या रविवारी पुतणीच्या आठ मैत्रिणी-मित्रांना शेताच्या बांधावर उभं केलं, साधारण दीडशे पावलांवर. प्रत्येकानं चिठ्ठीतलं नाव ‘आली’ किंवा ‘आला’ जोडून एकदाच ओरडायचं आणि वहिनीनं ऐकू आलं ते लिहायचं. वहिनीला यादी दाखवली नव्हती. ‘ग्रंथरथ आला’चं तिनं ‘अंतर आला?’ असं लिहिलं. ‘पुस्तकगाडी’ दोनदा ओरडली गेली, दोन्ही वेळा कागदावर नुसतं ‘गाडी’. ‘बुकगाडी’ची ‘बग्गी’ झाली. ‘गोष्टीगाडी’ दोनदा आली, एकदा ‘गोष्टी गाडी’ आणि एकदा ‘कोष्टी गाडी’ अशी. आठ पोरं आणि एक वहिनी म्हणजे काही सिद्धांत नव्हे, वाराही बाजूचा होता. तुम्ही तुमच्या वस्तीवर तुमच्या पोरांकडून हेच करून घ्या. ऐकणाऱ्याला यादी माहीत नसली पाहिजे, एवढं एकच पथ्य पाळा. माहीत असेल तर कान मनातलंच ऐकतो.

स्त्रीलिंगी ईकारान्त नावाचा आणखी एक फायदा आहे. तुमचा तालुका कुठला ते तुम्ही लिहिलं नाही, पण क्रियापद कुठलंही असो, यमक टिकतं. देशावर आणि वऱ्हाडात ‘गाडी आली’, मालवणीत ‘गाडी इली’, अहिराणीत ‘गाडी उनी’, गोव्याकडे ‘गाडी आयली’. सगळीकडे शेवटी ईच.

उणीवही सांगायला हवी. ‘गोष्टी’ म्हटलं की शेतीची, आरोग्याची, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं त्यात येत नाहीत, आणि मोठी माणसं ‘ती पोरांची गाडी’ म्हणून फिरकणार नाहीत. तुमच्या व्हॅनमध्ये निम्म्याहून जास्त पुस्तकं मोठ्यांची असतील, तर माझी सूचना बाजूला ठेवा आणि सरळ ‘पुस्तकांची गाडी’ घ्या. लांबून ओरडायला थोडं जड जाईल, पण आजोबांना आपली वाटेल. मुलांची पुस्तकं जास्त असतील तर दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत ‘गोष्टीगाडी’ आणि खाली बारीक ‘फिरते वाचनालय’ असं रंगवा. ‘ष्टी’ आणि ‘डी’ दोन्ही दीर्घ. ‘ष्ट’ रंगवताना ष-ची तिरकी रेघ आणि ट-चं पोट एकमेकांत मिसळू देऊ नका, कारण तेच अक्षर मुलं बोट ठेवून वाचणार आहेत.

दोन-तीन फेऱ्यांनंतर पोरं नाव तोडतील. ‘गाडी’ गळेल, कारण ती तर दिसतेच आहे. मग फाट्यावरून ‘गोष्टी आल्याऽऽ’ असं ऐकू येईल. क्रियापद आपोआप अनेकवचनी होईल आणि वाक्य व्याकरणात चोख बसेल. तसं झालं तर दुरुस्त करू नका.