अहवालातलं ‘क्रिटिकल’: शाबासकी की ठपका?

“वार्षिक अहवालात साहेबांनी मला ‘क्रिटिकल’ लिहिलंय. जोडीदार म्हणतो कौतुक आहे, मला ठपका वाटतो. दोन आठवडे नीट झोप नाही. काय समजू?”

हा गृहस्थ रावेरकडच्या एका केळीच्या पॅकहाउसमध्ये ग्रेडर आहे. जळगावला माझ्याकडे आला तो जोडीदाराला घेऊनच, आणि खुर्चीवर टेकायच्या आतच दोघांची जुंपली.

“बापू, आईला आयसीयूत ठेवलं तेव्हा डॉक्टरही क्रिटिकलच म्हणाले होते. चांगलं कुठं असतं ते?”

“काय भो, ते दुखण्याचं क्रिटिकल! मशीनचा क्रिटिकल पार्ट म्हणतात, म्हणजे त्याच्याबिगर मशीन हलत नाही. तसा तू.”

“मग साहेब सरळ ‘महत्त्वाचा’ का नाही लिहीत?”

दोघांचेही अर्थ खरे होते, पण दुसऱ्या ठिकाणचे. मी म्हटलं, आपला ‘चिकित्सक’ घ्या. साडी घेताना दहा दुकानं फिरणारीला आपण चिकित्सक म्हणतो ते वैतागून, अभ्यासकाला म्हणतो ते मानानं. ‘टीका’ही तशीच. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच, पण तिनं गीतेला नावं ठेवली असं कोणी म्हणत नाही.

अहवाल दाखवा म्हटलं, तर मोबाइलवर एका ओळीचा फोटो. आजूबाजूचं सगळं कापलेलं. निम्मं भांडण तिथंच होतं. पूर्ण पान मागवून या, एवढं सांगून मी त्यांना परत पाठवलं.

पुढच्या खेपेला पान आलं. शब्द दोनदा होता. ‘कामाची गुणवत्ता’ या रकान्यात ‘क्रिटिकल ॲट ग्रेडिंग, शुड कंटिन्यू’. असंच चालू ठेवा असं कोणी दोषाबद्दल लिहीत नाही. म्हणजे इथं बारकाईनं पारखणारा. खाली ‘सहकाऱ्यांशी वागणूक’ या रकान्यात ‘क्रिटिकल ऑफ लेबर’. पुढे ‘ऑफ’ आलं आणि त्यामागे माणसं आली की बहुतेक वेळा नावं ठेवणंच असतं. ‘टू’ असतं, तर ‘त्याच्याशिवाय अडतं’ असा अर्थ निघाला असता.

बापू जिंकल्यासारखे हसले, मग खालची ओळ वाचून गप्प झाले.

मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ठपका समजून या माणसानं दोन आठवडे हात आखडला होता. कॅलिपर लावून फळाची जाडी बघायची, सालीवर चट्टे असलेली फणी बाजूला काढायची, हे त्यानं सैल सोडलं होतं. ज्याला शाबासकी मिळाली तेच बंद. मजुरांवर खेकसणं मात्र तसंच.

खालच्या ओळीचा अर्थ माझ्याकडून नको, साहेबांकडून घ्या म्हटलं. प्रश्नही ठरवून दिला: “साहेब, मजुरांशी बोलताना माझं नेमकं कुठं चुकतं, एक प्रसंग सांगता का?”

साहेबांनी प्रसंग सांगितला. एका बाईला सगळ्यांसमोर “डोळे घरी ठेवून आलीस का” म्हणाला होता. त्याला तो आठवतही नव्हता.