शुक्रवार, संध्याकाळी सहापर्यंत

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री पावणेअकराला आला: सिन्नरच्या कंपनीची ऑफर आली आहे, त्यांना शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्यायचंय, आणि अंबडच्या कंपनीचा निर्णय अजून कळलेला नाही. सोबत अंबडला पाठवायला लिहिलेला मजकूर होता. तो आधी मला दाखवलास हे बरं केलंस. त्यातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं: "शुक्रवारपर्यंत निर्णय कळवा, अन्यथा मला दुसरीकडे जावं लागेल." हे वाक्य तेवढं काढून टाक. त्यात उद्धटपणा आहे म्हणून म्हणत नाही. ते ज्याच्या हातात पडेल त्याला त्याचा काहीच उपयोग नाही, म्हणून म्हणते.

मी अठरा वर्षं एचआरमध्ये काढली, त्यातली बारा अंबडलाच. उमेदवारांना वाटतं, एचआरची बाई निर्णय अडवून बसली आहे, तिला पटवलं की झालं. तसं नसतं गं. तुझी शेवटची मुलाखत गेल्याच्या गेल्या गुरुवारी झाली, म्हणजे आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत तुझ्या नावाचा कागद कुठे असेल, ते सांगते. प्लांट हेडने तोंडी "मुलगी चांगली आहे" म्हटलं असेल, पण मुलाखतीचा शेरा फॉर्मवर लिहून सही केली नसेल. किंवा शेरा आला असेल, पण पगाराचा आकडा फायनान्सकडे मंजुरीला पडून असेल. किंवा तुझ्या आधी दुसऱ्या कुणाला ऑफर दिली असेल आणि त्याच्या होकाराची वाट बघत असतील. पहिल्या दोन्ही ठिकाणी एचआरची बाई रोज आठवण करून देते आणि समोरचा माणूस "उद्या बघतो" म्हणतो, कारण उद्याच बघायला पाहिजे असं कारण त्याच्यापुढे नसतं. ते कारण तुझा मेल पुरवतो. ती तो मेल जसाच्या तसा प्लांट हेडला पुढे ढकलते आणि वर एक ओळ लिहिते, "सर, कृपया आज बघा."

म्हणून मेल असा लिही की तो तुझ्या नकळत तीन जणांकडे गेला तरी कुठे खटकू नये. धमकीचं वाक्य असलेला मेल ती पुढे पाठवू शकत नाही. मग तिला तुझी बाजू स्वतःच्या शब्दांत मांडावी लागते, आणि दिवसाला चाळीस फोन घेणारी बाई तेवढे कष्ट घेत नाही.

मेल तू इंग्रजीतच लिहिशील, पण आशय असा असू दे. विषयाच्या ओळीत तुझं नाव, पद, मुलाखतीची तारीख आणि "शुक्रवारपूर्वी माहिती हवी". आत पाच-सहा वाक्यं पुरेत:

"क्वालिटी इंजिनीअर या पदासाठी अमुक तारखेला माझी प्लांट हेड सरांबरोबर मुलाखत झाली. त्यानंतर मला एका दुसऱ्या कंपनीकडून लेखी ऑफर मिळाली आहे आणि त्यांना शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्यायचं आहे. आपल्याकडचं काम मला जास्त आवडेल, म्हणून त्यांना उत्तर देण्याआधी आपल्याला विचारते आहे. माझ्या निवडीची प्रक्रिया सध्या कोणत्या टप्प्यावर आहे? गुरुवार संध्याकाळपर्यंत निर्णय कळणं शक्य आहे का? शक्य नसेल, तर अंदाजे कोणत्या तारखेला कळेल तेवढं सांगितलंत तरी मला मदत होईल."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तेच सगळे विसरतात. "शुक्रवारपर्यंत सांगा" एवढंच विचारलंस तर "जमणार नाही" असं उत्तर येतं आणि दार बंद होतं. तारीख विचारलीस तर "पुढच्या मंगळवारी" असं काहीतरी हाती लागतं. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

मेलमध्ये सिन्नरच्या कंपनीचं नाव नको, पगाराचा आकडाही नको. आकडा लिहिलास की तो मेल वेळ विचारणारा राहत नाही, भाव करणारा होतो. मग ती मंजुरीऐवजी आकड्याच्या मागे लागते, फायनान्सकडे नवी फेरी सुरू होते, आणि तुझे दोन दिवस त्यात जातात. पगाराचं बोलायचं असेल तर अंबडची ऑफर हातात आल्यावर बोल. फोनवर तिने "किती देताहेत?" असं थेट विचारलं, आणि ती विचारेलच, तर खोटं बोलू नकोस. "मुलाखतीत मी जी अपेक्षा सांगितली होती, त्याच्या आसपास आहे" इतकं पुरे, अर्थात तसं असेल तरच. ऑफर लेटरची प्रत मागितली तर आधी सिन्नरचं पत्र नीट वाच. त्यात मजकूर गोपनीय ठेवण्याची अट असेल तर पाठवू नकोस आणि कारण तेच सांग. अट नसेल तरी पहिलं पान आणि उत्तराची तारीख दाखवलीस की पुष्कळ झालं, आकडे झाकून.

एक गोष्ट विचारायची राहिली. सिन्नरचं पत्र खरंच लेखी आलंय ना? पद, पगार, रुजू होण्याची तारीख आणि उत्तराची मुदत, सगळं आहे ना? फोनवर कुणी "तुझं झालंय समज" म्हणालं असेल तर ती ऑफर नव्हे, आणि तिच्या जोरावर अंबडला मेल करू नकोस. आमच्याकडे एका मुलाने असं केलं होतं. आम्ही धावपळ करून दोन दिवसांत त्याला पत्र काढलं. नंतर त्यानेच बोलता बोलता सांगितलं की तिकडचं पत्र कधी आलंच नव्हतं. त्याला कुणी काढलं नाही, पण वर्षअखेरीच्या पगारवाढीच्या वेळी प्लांट हेड ते विसरला नव्हता.

आता वेळेचं. आज मंगळवार. मेल आज सकाळीच जाऊ दे, आणि अकरा-साडेअकराला फोन कर, म्हणजे सकाळची प्रॉडक्शन मीटिंग उरकलेली असते. फोनवर एवढंच सांग की मेल पाठवलाय, एकदा बघा. उशिराचा मेल किती निरुपयोगी असतो ते मी पाहिलंय. एक मुलगा आम्हाला खरोखर हवा होता. त्याने गुरुवारी संध्याकाळी सातला कळवलं की शुक्रवारी उत्तर द्यायचंय. प्लांट हेड पुण्याला गेलेले, सही सोमवारी झाली, आणि मी फोन केला तेव्हा त्याने दुसरीकडे होकार दिलेला होता. त्याचं ते पत्र त्याच्याकडे आठवडाभर पडून होतं. आधी सांगितलं तर लालची वाटू, असं त्याला वाटलं म्हणे! त्यात लालची काय? बाहेर ऑफर आहे हे आम्हाला प्रत्येक चांगल्या उमेदवाराबाबत गृहीतच असतं.

मेल एचआरलाच कर, थेट प्लांट हेडला नको. त्यांनी स्वतःहून नंबर देऊन "काही लागलं तर सांग" म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी एचआर, आणि बुधवारी दुपारपर्यंत काहीच हालचाल नाही असं दिसलं तरच सरांना दोन ओळी.

उत्तरं साधारण तीन तऱ्हेची येतील. तिने टप्पा सांगितला, "फीडबॅक आलाय, फायनान्सची मंजुरी बाकी आहे, गुरुवारी कळवते", तर काम चालू आहे असं समज. नुसतं "प्रोसेस सुरू आहे" आलं तर त्यातून काही कळत नाही. तेव्हा एकदाच विचार: "मुलाखतीचा शेरा आला आहे का, की अजून कुणाची मुलाखत व्हायची आहे?" ती अडखळली किंवा "अजून दोन उमेदवार आहेत" म्हणाली, तर तू यादीत पहिली नाहीस असं धरून चाल. "चांगली ऑफर आहे तर घेऊन टाक" असं म्हणाली, तर तो नकारच आहे, सभ्य भाषेतला. वाईट वाटून घेऊ नकोस. तीन आठवडे ताटकळत ठेवण्यापेक्षा हे बरं. गुरुवारी दुपारी आणखी एक फोन कर. तिसरा नको.

समजा तिने "पुढच्या मंगळवारी" सांगितलं. आता, आणि आताच, सिन्नरकडे मुदत मागायची. आधी अंबडची तारीख, मग सिन्नरची मुदत, हा क्रम उलटा करू नकोस. नाहीतर सोमवारपर्यंत मुदत मागशील, मिळेलही, आणि मग कळेल की अंबडला मंगळवार लागतोय. दुसऱ्यांदा मुदत मागणाऱ्याला कुणी मनापासून देत नाही. म्हणून एकदाच, नेमकी तारीख सांगून माग: "माझी आणखी एका ठिकाणची प्रक्रिया मंगळवारी पूर्ण होते आहे, बुधवारी दुपारी बारापर्यंत मी नक्की उत्तर देईन, चालेल का?" हे गुरुवारीच विचार, शुक्रवारी पाच वाजता नव्हे.

यात धोका आहे, तोही समजून घे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 5 प्रमाणे तू होकार पाठवत नाहीस तोवर देणाऱ्याला प्रस्ताव मागे घेता येतो. पत्रात शुक्रवार लिहिलाय म्हणून तोवरची जागा तुझ्या हक्काची झाली असं नाही. सहसा कुणी मुदत मागितली म्हणून ऑफर काढून घेत नाही, "नाही, शुक्रवारच" एवढंच म्हणतात. तसं झालं तर तुला एका पत्रावर निर्णय घ्यायचा आहे, आणि तो गुरुवारी रात्रीच करून ठेव: अंबडकडून लेखी काही आलं नाही तर सिन्नरला हो म्हणायचं की नाही? हे मी ठरवणार नाही.

एक मात्र सांगेन. शुक्रवारी सिन्नरला होकार द्यायचा आणि मंगळवारी अंबडचं पत्र आलं की तिकडे पळायचं, हे करू नकोस. सातपूर, अंबड, सिन्नर मिळून एचआरची माणसं फार नाहीत. आम्ही एकमेकींना लग्नाच्या पत्रिका देतो. आणि उलटही: अंबडच्या बाईंनी फोनवर "अभिनंदन, तुझं झालं" म्हटलं तरी सिन्नरला नकार कळवू नकोस. कंपनीच्या ईमेलवरून पद, सीटीसी, ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख असलेलं काहीतरी येऊ दे. लेटर ऑफ इंटेंट आलं तर त्यातल्या अटी बघ. मेडिकल आणि जुन्या कंपनीकडची पडताळणी यांवर ते अवलंबून असतं, आणि पडताळणीत तुझ्या आत्ताच्या कंपनीला फोन जाऊ शकतो. तू तिथे अजून राजीनामा दिलेला नाहीस हे अंबडला ठाऊक आहे का, ते मेलआधी आठवून बघ.

मेल पाठवण्यापूर्वी मला एकदा दाखव, मी दहापर्यंत घरीच आहे. आणि सिन्नरच्या पत्राच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव, नुसतं पगाराचं पान नको. प्रोबेशनमध्ये नोटीस पिरियड किती लिहिलाय ते मला बघायचंय.

तुझी,
काकू