'आई थकल्यात' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : डॉक्टरांनी आईच्या कागदावर 'फ्रेल' लिहिलंय. आजार असा काही नाही म्हणाले. मराठीत याला काय म्हणायचं? अशक्तपणा का?

अशक्तपणा नको. तापातून उठल्यावर येतो तो अशक्तपणा, नीट जेवलं की चार दिवसांत जातो. 'दुर्बल' हा शब्द सरकारी अर्जांनी पळवलाय. 'जर्जर' फार पुढची अवस्था झाली. मला घरातलंच नेमकं वाटतं : 'आई आता थकल्यात.' दमलेला माणूस झोप काढून ताजा होतो, या अर्थाने थकलेला होत नाही. शिवाय मराठीत भाडंही थकतं, हप्ताही थकतो. तेच इथे. शरीराची शिल्लक आटलेली असते. रोजचं भागतं, अचानक खर्च निघाला की हिशेब कोलमडतो.

माझी पंचवटीतली आत्या ७८ वर्षांची. बीपी, साखर, थायरॉइड, सगळं ठीक. पण गंगेवर जाताना (आम्हा नाशिककरांना गोदावरी म्हणजे गंगाच) ती मागे पडायला लागली, आणि धुण्याच्या पिळ्यातून पाणी टपकायला लागलं. मग एकदा दोन दिवस जुलाब झाले. मी तीन दिवसांत कामावर गेलो असतो. ती दोन आठवडे आधाराशिवाय उठली नाही.

डॉक्टरांनी व्हरांड्यात चार मीटर अंतर आखून तिला नेहमीच्या चालीने चालवलं. सुरुवात रेघेच्या थोडी अलीकडून, थांबणं पलीकडे, म्हणजे वेग घेण्या-सोडण्याचा वेळ मोजला जात नाही. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंद धरतात. तिला सहा लागले. मग मुठीत दाबायचं एक यंत्र दिलं. आशियाई बायकांसाठी १८ किलोच्या खाली पकड कमजोर मानतात, पुरुषांसाठी २८ च्या. आत्याची भरली १४. वजनही वर्षभरात ५२ वरून ४८ वर आलेलं, तेही काही न करता.

२००१ मध्ये अमेरिकेत लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी पाच खुणा ठरवल्या. या तिन्ही त्यातल्याच. उरलेल्या दोन म्हणजे सततचा शीण आणि घटलेली हालचाल. तीन जुळल्या की फ्रेल, एक-दोन असल्या तर उंबरठ्यावर. एकट्या खुणेवर मात्र जाऊ नका. गुडघे धरलेले असले तरी चाल मंदावते, अंगठ्याचा सांधा दुखत असला तरी झाकण उघडत नाही. ती थकलेली नव्हे, दुखरी माणसं. वजन आपोआप घटत असेल तर आधी त्यामागे आजार नाही ना, हे बघायलाच हवं.

नाम हवंच असेल तर 'थकवा' मात्र टाळा, तो संध्याकाळी कुणालाही येतो. मी 'थकलेपण' लिहीन. आत्याला विचारलं तर ती एवढंच म्हणते, "आजारी नाही रे, थकले."