फराळाचे पैसे वॉलेटमध्ये अडकले, एफडी मोडू का?

*‘मी मिरजेत घरून फराळ विकते. दिवाळीआधी बहुतेक पैसे वॉलेटच्या क्यूआरवर घेतले. आता खातं गोठलंय, ६१,४०० रुपये आत आहेत आणि स्क्रीनवर “ओळख पडताळणी प्रलंबित” एवढंच दिसतं. पॅनवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. किराणा दुकानदाराचे ३८,००० द्यायचे आहेत. एक लाखाची तीन वर्षांची एफडी आहे, ७ टक्क्यांची, १४ महिने झालेत. ती मोडू का? दीर म्हणतात, पैसे नातेवाइकांनी उसने दिले असं लिहून टाक, धंद्याची भानगड नको. नेट कॅफेवाला अडीच हजारांत खातं उघडून देतो म्हणतो. का सरळ वॉलेटच बंद करू?’*

ताई, आधी दुकानदाराचं बघू, कारण वॉलेटचं काम तुमच्या घाईने होणार नाही. एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून बँकेकडून लागेल तेवढी उचल. मुदतीआधी मोडली की बँक सहसा जितके महिने झाले त्या मुदतीचा दर धरते आणि वर दंड म्हणून एखादा टक्का कापते. समजा वर्षभराचा दर ६.५ टक्के होता, तर दंड वजा जाता तुम्हाला ५.५ मिळतील. म्हणजे १४ महिन्यांत साधारण १,७५० रुपये गेले, शिवाय पुढची बावीस महिन्यांची ७ टक्क्यांची घडी मोडली ती वेगळीच. ओव्हरड्राफ्टला एफडीच्या दरावर एक-दोन टक्के जास्त लागतात. ९ टक्के धरले तर ३८,००० वर महिन्याला २८५ रुपये. वॉलेटला दोन महिने लागले तरी ५७० मध्ये भागतं. तुमच्या बँकेचे नेमके दर शाखेत विचारा, थोडा फरक पडेल, पण पारडं बदलणार नाही. एफडीवर मिस्टरांचंही नाव असेल तर त्यांची सही लागेल, त्यांना बरोबरच घेऊन जा.

वॉलेट बंद करण्याचा विचार मनातून काढून टाका. खातं बंद केलं की शिल्लक बँक खात्यात मिळते हे खरं, पण पडताळणी अडलेली असताना बंद करण्याचा अर्जही त्याच टेबलावर जाऊन पडतो. रस्ता तोच राहतो, फक्त शेवटी वॉलेट हातात राहत नाही.

कंपनीला पहिला प्रश्न एका ओळीत विचारा: खातं फक्त ओळखीसाठी थांबवलंय, की व्यवहारांबद्दलही खुलासा हवाय, की एखाद्या तपास यंत्रणेच्या आदेशावरून? तिन्हींचे रस्ते वेगळे. तिसरं असेल, म्हणजे तुम्हाला पैसे पाठवणाऱ्या एखाद्या खात्यावर सायबर फसवणुकीची तक्रार असेल, तर कंपनीला कितीही कागद द्या, उपयोग नाही. मग तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाणं विचारून घ्यायचं आणि तिथेच खुलासा द्यायचा. तुमच्या स्क्रीनवरच्या शब्दांवरून हे पहिलं, फार तर दुसरं प्रकरण वाटतंय. उत्तर गुळमुळीत आलं तर चिडू नका. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वर गेला असेल तर ते ग्राहकाला सांगायला कायद्यानेच बंदी आहे, आणि फोनवरच्या मुलीला तर तो गेलाय की नाही हेही माहीत नसतं.

आता नावाचं. दोन कागदांवर दोन नावं असली की यंत्र तिथेच थांबतं, आणि आपल्याकडे लग्नानंतर नाव, मधलं नाव, आडनाव तिन्ही बदलण्याची पद्धत असल्यामुळे बायकांची खाती या एका कारणावरून हमखास अडकतात. लोक मग राजपत्रात नाव छापायच्या मागे लागतात, किंवा पॅन दुरुस्त होऊन येईपर्यंत महिनाभर गप्प बसतात. दोन्हीची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमात सोय आहे: कागद दिल्यानंतर नाव बदललं असेल, तर राज्य शासनाचा विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र, यांतलं एक जोडलं की जुन्या नावाचा कागदही चालतो. ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा. तुमच्याकडे महानगरपालिकेचा विवाह नोंदणी दाखला असेल तर तेवढा पुरे. लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती किंवा देवस्थानाचा दाखला चालत नाही. नोंदणीच केली नसेल तर आधी ती करा, ती उशिरानेही करता येते. पॅनची दुरुस्ती सावकाश होऊ द्या, पण करा. नाहीतर हेच पुढच्या वर्षी डीमॅट नाहीतर विम्याच्या वेळी पुन्हा निघेल.

कागद पाठवताना आधारची साधी झेरॉक्स देऊ नका. आधारच्या संकेतस्थळावरून शेवटचे चार आकडेच दिसतात तशी प्रत उतरवून घ्या. कंपनीने व्हिडिओ कॉलवर पडताळणी ठेवली तर दोन गोष्टींवर लोकांची फेरी फुकट जाते. एक म्हणजे पॅन. मूळ कार्ड समोर धरायचं असतं. ई-पॅन असेल तर तो फाइल म्हणून द्यायचा. त्याची प्रिंट काढून, लॅमिनेट करून कॅमेऱ्यासमोर धरलेली चालत नाही, मग तिच्यावर कितीही चकचकीत प्लास्टिक असो. दुसरं म्हणजे आधारची ऑफलाइन फाइल. ती तीन कामाच्या दिवसांपेक्षा जुनी असता कामा नये, तेव्हा कॉलच्या आदल्या दिवशी उतरवा. आणि कॉलवर उत्तरं तुम्ही स्वतः द्या. मागून दीर काहीतरी सुचवतायत असं दिसलं तर कॉल तिथेच थांबवतात.

दिरांच्या सल्ल्याबद्दल स्पष्टच लिहितो. उसने पैसे म्हणून लिहिलंत तर तुम्ही स्वतःला खड्ड्यात घालाल. पैसे पाठवणाऱ्यांनी व्यवहारासोबत ‘चकली’, ‘अनारसे १ किलो’ असं लिहिलेलं असतं आणि ते कंपनीला दिसतं. शेहेचाळीस नातेवाइकांनी दहा दिवसांत सरासरी अठराशे रुपये उसने दिले, यावर तुम्ही तरी विश्वास ठेवाल का? खोटं एकदा सापडलं की ओळखीचा साधा प्रश्न व्यवहारांच्या संशयाचा होतो. आणि करापायी घाबरत असाल तर हिशोब पाहा. विक्री म्हणजे नफा नव्हे. छोट्या व्यवसायाला अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, तिच्यात बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के उत्पन्न धरता येतं. ८३,९०० च्या ऑनलाइन विक्रीवर ते ५,०३४ रुपये होतं. एवढ्यासाठी नातेवाईक कशाला उभे करायचे?

हा ८३,९०० चा आकडा मी तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून काढला. दहा दिवसांत ४६ वेळा मिळून ८३,९०० आले, तुम्ही तूप आणि भाजणीवाल्याला २२,५०० दिले, उरले ६१,४००. बेरीज जुळते, आणि खुलाशाचा जीव त्यातच आहे. एक साधी यादी करा: तारीख, व्यवहार क्रमांक, पाठवणाऱ्याचं वॉलेटवर दिसतं ते नाव, रक्कम, कशाबद्दल. ४६ ओळी होतील, संध्याकाळभराचं काम. पुरावा सगळ्यांचा लागत नाही. मोठ्या पाच-सहा रकमांचे व्हॉट्सअॅपवरचे ऑर्डरचे निरोप आणि कुरिअरच्या पावत्या जोडा. त्यात एक रक्कम मात्र नीट समजावून सांगा: पुण्याहून एकाच माणसाकडून आलेले ९,६०० रुपये, तेही रात्री एक वाजता. दहा हजारांच्या जरा खालचा आकडा तपासणाऱ्याच्या डोळ्यात खुपतो. प्रत्यक्षात ते एका सोसायटीतल्या बारा घरांचे प्रत्येकी आठशे आहेत. बारा घरांची ती यादी, जी तुमच्या वहीत पेन्सिलने लिहिलेली आहे, तिचा फोटो सरळ जोडा. अशा गोष्टीला टाइप केलेल्या कागदापेक्षा तेलाचा डाग पडलेली वही जास्त बोलते.

पत्र लांब नको. मजकूर असा ठेवा, हवं तर इंग्रजी करून पाठवा:

“माझं वॉलेट (नोंदणीकृत मोबाइल क्रमांक …) दि. … पासून थांबवलं आहे. माझं लग्नाआधीचं नाव … आणि लग्नानंतरचं नाव … असून दोन्ही नावं माझीच आहेत. पॅन, आधारची झाकलेली प्रत आणि विवाह नोंदणी दाखला सोबत जोडला आहे. दि. … ते दि. … या काळात जमा झालेल्या ४६ रकमा (एकूण ८३,९०० रुपये) घरगुती फराळाच्या विक्रीच्या आहेत. यादी आणि निवडक पुरावे जोडले आहेत. पडताळणी पूर्ण करून खातं सुरू करावं. आणखी कागद हवा असल्यास नेमका कोणता ते लेखी कळवावं.”

शेवटचं वाक्य गाळू नका. ‘कागदपत्रं अपुरी आहेत’ एवढंच उत्तर देऊन कंपन्या तेच तेच चार वेळा मागतात. नेमकं काय कमी आहे हे लेखी विचारलं की पुढे तक्रारीत ते कामाला येतं.

हे सगळं अ‍ॅपच्या मदत विभागातून पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. चॅटमधल्या गप्पांना क्रमांक नसेल तर ती तक्रार धरली जाईलच असं नाही. वॉलेट कंपन्यांनी तक्रार शक्यतो ४८ तासांत आणि जास्तीत जास्त ३० दिवसांत निकाली काढायची असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. आठ-दहा दिवस हालचाल दिसली नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर नोडल अधिकाऱ्याचा पत्ता असतो, तिथे तोच क्रमांक देऊन पाठवा. तीस दिवस उलटले किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. अडलं तर १४४४८ वर विचारा. मात्र कंपनीकडे आधी लेखी तक्रार न करता थेट तिथे गेलात तर परत पाठवतील.

नेट कॅफेवाल्याला अडीच हजार देऊ नका. कंपनीच्या आतला थांबा बाहेरच्या कुणाला उठवता येत नाही. तो तुमचे कागद तुमच्याच नावाने अपलोड करेल, किंवा मोबाइल मागून स्क्रीन दुसऱ्याला दिसेल असं अ‍ॅप टाकेल आणि ओटीपी विचारेल. दुसरं घडलं असेल, कागद किंवा ओटीपी आधीच देऊन झाले असतील, तर १९३० वर लगेच फोन करा आणि बँकेतही कळवा.

वॉलेटमधल्या शिलकीवर व्याज मिळत नाही आणि बँक ठेवीसारखं विम्याचं संरक्षणही नसतं. कंपनीला ते पैसे बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात एवढाच आधार. म्हणून खातं सुटलं की रक्कम बँकेत घ्या आणि पहिल्यांदा ओव्हरड्राफ्ट फेडा. पुढच्या दिवाळीला पैसे थेट बँक खात्यात जमा होतील असा व्यापाऱ्याचा क्यूआर घ्या. त्यासाठी बँकेत व्यवसायाचा पुरावा मागतील, तेव्हा अन्न नोंदणीचा कागद आतापासून करून ठेवा. श्रावणात अर्ज केलात तर ऑर्डरी सुरू होईपर्यंत हातात येईल.