मोबदल्यातला वाटा आणि वकिलाची सनद

प्रश्न: भूसंपादनाचा वाढीव मोबदला आमच्या लातूरच्या वकिलांनी उचलला आणि त्यातला चौथा हिस्सा ठेवून घेतला. त्यांची सनद जाऊ शकते का?

उत्तर: होय, जाऊ शकते, कारण मिळालेल्या रकमेत वाटा घेणे आणि निकालावर फी ठरवणे या दोन्ही गोष्टींना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत स्पष्ट मनाई आहे, मग आपल्या मराठवाड्यात ‘टक्केवारी’ कितीही रुळलेली असो. मात्र आधी ठरलेली फी थकली असेल, तर काम संपल्यावर तेवढीच रक्कम त्यांना वळती करून घेता येते. म्हणून प्रथम लेखी हिशेब मागा, तो देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. तो न मिळाल्यास महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे सही व पडताळणीसह तक्रार करा आणि सोबत निवाड्याची प्रत व बँकेचा उतारा जोडा. वकील अधिनियम, 1961 च्या कलम 35 नुसार शिस्तपालन समिती दोन्ही बाजू ऐकून ताकीद देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते किंवा नोंदवहीतून नाव काढू शकते. पुरावा मात्र भक्कम लागतो, नुसत्या संशयावर सनद जात नाही. शिवाय सनद गेली म्हणून पैसे आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी दिवाणी दावा वेगळा करावा लागतो.