कागदावरची कुंडली टाइप करताना घरं कशी सांभाळायची?

प्रश्न: घरातली जुनी हस्तलिखित पत्रिका टाइप करून ज्योतिषांना पाठवायची आहे. चौकोनातली अक्षरं जशी दिसली तशी लिहून पाठवली, तर ते म्हणतात, 'यावरून काही कळत नाही.' मग कशी उतरवायची?

तुम्ही बहुतेक डावीकडून उजवीकडे, वरून खाली, असं वाचत लिहिलं असणार. कुंडली तशी वाचत नाहीत. आपल्याकडच्या शंकरपाळ्यांच्या कुंडलीत वरचं मधलं घर म्हणजे लग्न, पहिलं स्थान. तिथून घड्याळाच्या उलट दिशेने जायचं: त्याच्या डावीकडचा वरचा त्रिकोण दुसरं, त्याखालचा तिसरं, डावीकडचं मधलं घर चौथं, असं करत तळाचं मधलं सातवं, उजवीकडचं मधलं दहावं आणि वर उजवीकडचा त्रिकोण बारावं. ओळीने वाचलं की हाच क्रम 2, 1, 12, 3, 11, 4, 10… असा होतो. समोरच्याने तो 1, 2, 3 समजून वाचला तर लग्नातला ग्रह दुसऱ्या, म्हणजे धनस्थानात जाऊन बसतो.

दुसरा घोळ आकड्यांचा. घरात लिहिलेला आकडा स्थानाचा नसतो, राशीचा असतो. 1 म्हणजे मेष, 12 म्हणजे मीन. वरच्या घरात 5 असेल तर सिंह लग्न. 'पाचव्या घरात गुरू' असं नुसतं लिहिलं तर पाचवं स्थान की सिंह रास, हे कळायला मार्ग नाही. म्हणून दोन्ही लिहा. ज्योतिषी दक्षिणेकडची कुंडली वापरणारे असले, तरी मग अडत नाही. तिथे राशी जागच्या जागी असतात आणि लग्न फिरतं.

स्पेस देऊन चौकट काढायच्या फंदात पडू नका, फोन बदलला की ती विस्कटते. एका घराला एक ओळ, रिकामं घरही धरून. समजा, सिंह लग्नाची पत्रिका आहे:

```
लग्नकुंडली
स्थान 1, राशी 5: -
स्थान 2, राशी 6: गु(व) के
स्थान 3, राशी 7: -
स्थान 4, राशी 8: चं
स्थान 5, राशी 9: -
स्थान 6, राशी 10: -
स्थान 7, राशी 11: मं
स्थान 8, राशी 12: रा
स्थान 9, राशी 1: बु
स्थान 10, राशी 2: र शु
स्थान 11, राशी 3: श
स्थान 12, राशी 4: -
```

यात दहाव्या आणि अकराव्या स्थानाकडे बघा. जुन्या शाईत 'शु'चा उकार पुसट झाला की शुक्राचा शनी होतो. मग पत्रिकेत दोन शनी आणि शुक्र बेपत्ता! म्हणून उतरवून झालं की आधी नऊ ग्रह मोजा: र, चं, मं, बु, गु, शु, श, रा, के. ह आणि ने असतील तर ते हर्शल-नेपच्यून, नवग्रहांखेरीजचे. 'व' म्हणजे वक्री, तो गाळू नका.

मग आकाशाशी पडताळून बघा. राहू-केतू नेहमी समोरासमोरच्या घरांत असतात, इथे आठवं आणि दुसरं. बुध रवीच्याच राशीत किंवा शेजारच्या राशीत असतो, शुक्र फार तर दोन राशी लांब. रवी जन्मवेळही सांगतो: सूर्योदयाचा जन्म असेल तर तो पहिल्या स्थानाच्या आसपास, दुपारचा असेल तर दहाव्याच्या, सूर्यास्ताचा असेल तर सातव्याच्या, मध्यरात्रीचा असेल तर चौथ्याच्या. वरच्या पत्रिकेवर 'रात्री 12' असं लिहिलेलं असतं, तर मी ती पुन्हा कागदाशी ताडून बघितली असती. शिवाय इथे चंद्र रवीच्या समोर आहे, म्हणजे तिथी पौर्णिमेच्या आसपासची हवी. कागदावर अमावास्या असेल तर काहीतरी चुकलंय.

हे वेळेचं गणित लग्नकुंडलीलाच लागू. जुन्या पत्रिकेत शेजारी राशीकुंडली असते, तिच्यात चंद्राची रास वर धरलेली असते. नवमांश असेल तर त्याचं सगळंच वेगळं; तिथे बुध रवीपासून कितीही लांब दिसू शकतो. त्यामुळे कुंडलीवरचं नाव आधी लिहा.

एवढं करून तुमची प्रत अॅपमधल्या कुंडलीशी जुळली नाही, एखादा ग्रह एक घर पुढे दिसला, तर लगेच 'दुरुस्त' करू नका. पत्रिका टिळक पंचांगावरून केलेली असू शकते. त्याचं अयनांश, म्हणजे ग्रहांची रास काढताना वजा करायचे अंश, प्रचलित चित्रापक्षीय अयनांशापेक्षा सुमारे 4 अंशांनी कमी आहे. त्यामुळे अॅपमध्ये राशीच्या शेवटच्या 4 अंशांत असलेला ग्रह कागदावर पुढच्या राशीत जातो. कागदावर आहे तसंच लिहा, पंचांगाचं नाव दिलं असेल तर तेही टाका आणि जन्मतारीख, वेळ, गाव खाली वेगळं द्या. कोणतं धरायचं ते ज्योतिषी बघतील.